‘नीड’ आणि कर्मणी अर्थाचे -इंग रूप

इंग्रजीत ‘नीड’ या क्रियापदापुढे धातूचे -इंग रूप आले, की वाक्याचा कर्ता ती क्रिया करणारा नसतो. क्रिया त्याच्यावर घडायची असते. ‘द शर्ट नीड्स वॉशिंग’ या वाक्यात शर्ट धुतला जाणार आहे, पण कर्मणी प्रयोगाची नेहमीची खूण, म्हणजे ‘बी’ आणि त्यापुढचे भूतकालवाचक धातुसाधित, वाक्यात कुठेच नाही. ‘नीड’पुढे ‘टु’ आणि मूळ धातू आला, की अर्थ उलटा लागतो. ‘रवी नीड्स टु वॉश द शर्ट’ यात धुणारा रवीच. याच रचनेत कर्मणी अर्थ हवा असेल, तर ‘द शर्ट नीड्स टु बी वॉश्ड’ असे उघड कर्मणी रूप वापरावे लागते.

हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणात -इंगच्या या रचनेला ‘कन्सील्ड पॅसिव्ह’, म्हणजे प्रच्छन्न कर्मणी, म्हटले आहे. ‘रिक्वायर’ आणि ‘डिझर्व्ह’ यांच्यापुढेही ती येते. मुख्यतः ब्रिटिश वापरात ‘वाँट’पुढेही येते, १८६५ च्या ‘ॲलिस’मधला हॅटर ‘युवर हेअर वाँट्स कटिंग’ म्हणतो, तेव्हा केसांना काही हवे असते असे नाही, ते कापायला झालेले असतात.

कर्ता निर्जीव असेल तर घोटाळा सहसा होत नाही, कारण शर्ट स्वतः काही धुणार नाही. कर्ता सजीव असला की मात्र दोन रचनांतला भेद प्रत्यक्ष परिणाम घडवतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाबद्दल ‘द पेशंट नीड्स टर्निंग’ असे म्हटले, तर कोणीतरी त्याची कूस बदलून द्यायची आहे. ‘द पेशंट नीड्स टु टर्न’ म्हटले, तर त्याने स्वतः कुशीवर वळायचे आहे. पहिल्या वाक्यात काम परिचारिकेचे, दुसऱ्यात रुग्णाचे, आणि हा फरक केवळ क्रियापदाच्या रूपावर उभा आहे.

मराठीभाषकाकडून ‘द शर्ट नीड्स टु वॉश’ अशी चूक होते, तिचे मूळ मराठी वाक्यात शोधावे लागते. ‘शर्ट धुवायला हवा’ हे वाक्य पूर्ण आहे. धुणारा सांगायचाच असेल तर ‘मी’ किंवा ‘आईने’ असा वेगळा शब्द जोडता येतो, आणि नाही सांगितला तरी शर्टाकडे कर्तेपण जात नाही. शिवाय ‘पोहायला गेला’मधल्या -आयलासाठी इंग्रजीत ‘टु’ येतो, हे शिकणाऱ्याच्या मनात पक्के असते. त्यामुळे ‘धुवायला’चे ‘टु वॉश’ होते. पण इंग्रजी ‘नीड’पाशी कर्त्याची जागा एकच आहे, आणि ‘टु’पुढच्या क्रियेचा करणारा त्याच जागेवरून घेतला जातो. तिथे शर्ट बसवला की शर्टच धुणारा ठरतो. ‘नीड्स बीइंग वॉश्ड’ हा दुरुस्तीचा प्रयत्नही प्रमाण इंग्रजीत ग्राह्य धरला जात नाही: -इंग रूपात कर्मणी अर्थ आधीच आहे, त्यावर ‘बीइंग’चा थर चढत नाही.

हा कर्मणी अर्थ आला कुठून, याबद्दल मते वेगळी आहेत. ‘बीइंग वॉश्ड’मधला ‘बीइंग’ गळून ‘वॉशिंग’ उरले, ही उपपत्ती सोपी वाटते, पण कालक्रम तिच्या विरोधात जातो. ‘बीइंग’ने घडवलेले कर्मणी धातुसाधित नाम इंग्रजीत साधारणतः सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुळत गेले असे मानले जाते, तर साध्या -इंग रूपाचा कर्मणी अर्थाने वापर त्याहून जुना आहे. प्राचीन इंग्रजीतील -उंग, -इंग या प्रत्ययांनी क्रियेचे निव्वळ नाव तयार होई. अशा नामाला प्रयोग नसतो. मराठीतही ‘मारणे’ या नामावरून मारणारा कोण आणि मार खाणारा कोण हे कळत नाही. ते संदर्भाने ठरते. १६२३ च्या फोलिओत छापलेल्या शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकामध्ये ‘हिज थ्रोइंग इंटू द वॉटर’ असा प्रयोग आहे. तिथे फॉल्स्टाफ काही फेकत नाही, त्यालाच पाण्यात फेकलेले असते. आजचा इंग्रजी लेखक इथे ‘हिज बीइंग थ्रोन’ लिहील. म्हणजे ‘बीइंग’ नंतर आला आणि त्याने जुन्या, प्रयोगनिरपेक्ष नामाचे क्षेत्र आक्रसत नेले. ‘नीड’, ‘वाँट’ आणि ‘वर्थ’ यांच्या सोबतीत जुनी स्थिती टिकून राहिली, हे मत अधिक समाधानकारक वाटते. ‘द हाउस इज बिल्डिंग’ (घर बांधले जात आहे) ही आता मागे पडलेली रचना काही जण याच्याच जोडीला ठेवतात. साम्य खरे आहे, पण तिच्यात ‘बी’चे चालू काळातील रूप असल्याने तिचा इतिहास वेगळा मांडणे बरे.

मूळ नामाचे असले, तरी आजच्या वाक्यातले रूप नामच आहे का, हा निराळा प्रश्न. ‘द ड्राफ्ट नीड्स केअरफुल चेकिंग’ यात विशेषण आले आहे, म्हणून ‘चेकिंग’ नाम. ‘द ड्राफ्ट नीड्स चेकिंग केअरफुली’ यात क्रियाविशेषण आले आहे, म्हणून तेच रूप क्रियापद. नुसत्या ‘नीड्स चेकिंग’वरून निर्णय लागत नाही. ‘द मॅटर नीड्स लुकिंग इंटू’ या वाक्यात ‘इंटू’ शेवटी लोंबता राहतो, कारण त्याचे कर्म कर्त्याच्या जागी गेले आहे. त्यावरून रचनेत एक रिकामे कर्मस्थान आहे हे दिसते. म्हणूनच ‘द शर्ट नीड्स वॉशिंग इट’ म्हणता येत नाही, आणि ‘अराइव्ह’सारखा अकर्मक धातू इथे चालत नाही.

‘टु बी’ची रचना या मानाने मोकळी आहे. ‘सोमवारपर्यंत धुऊन झालेला असला पाहिजे’ हा पूर्ण काळाचा अर्थ ‘नीड्स टु हॅव बीन वॉश्ड’ने सांगता येतो, -इंगने नाही. अर्थाचीही एक छटा आहे. -इंग रूप बहुधा कर्त्याच्या ठिकाणी काही उणीव आहे असे सुचवते: शर्ट मळला आहे, गवत वाढले आहे. आगीतून बाहेर पडण्यासाठी खिडकी फोडायची असेल, तर ‘द विंडो नीड्स टु बी ब्रोकन’ सहज वाटते. ‘नीड्स ब्रेकिंग’ म्हटले की खिडकीलाच फुटण्याची गरज असल्यासारखे ऐकू येते. हा नियम नव्हे, कल आहे.

स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि अमेरिकेत पश्चिम पेनसिल्व्हेनियापासून ओहायोकडे पसरलेल्या पट्ट्यात ‘द कार नीड्स वॉश्ड’ अशी तिसरी रचना बोलीत आढळते. मरे, फ्रेझर आणि सायमन यांनी १९९६ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात तिचा अमेरिकेतील प्रसार तपासला. ती स्कॉट-आयरिश वसाहतकऱ्यांबरोबर अटलांटिकपार गेली असावी, असे सामान्यतः मानले जाते. मराठीतील ‘गाडी धुतली पाहिजे’ची घडण तिच्याशी जुळते, कारण दोन्हीकडे गरजवाचक क्रियापदासोबत थेट भूतकालवाचक रूप येते, मात्र या साम्यामागे ऐतिहासिक संबंध नाही. उत्तर इंग्लंडकडे ‘आय नीड द शर्ट वॉशिंग’ असेही बोलले जाते. तिथेही -इंगचा अर्थ कर्मणीच असतो, फक्त ‘नीड’चा कर्ता शर्ट नसून गरज असलेला माणूस असतो.