एबीजी चाचणी: नमुना कोणी घ्यावा, फॉर्मवर काय लिहावे आणि अहवाल कसा वाचावा

धमनीतील रक्तवायूंची चाचणी, म्हणजेच एबीजी, डॉक्टरांचा लेखी आदेश असल्यावरच केली जाते. मनगटातील रेडियल धमनीतून नमुना घेण्याचे काम रुग्णालयाने प्रशिक्षण देऊन परवानगी दिलेल्या व्यक्तीचे असते, त्यामुळे विद्यार्थ्याने ते देखरेखीशिवाय करू नये. सुई टोचण्यापूर्वी ॲलन चाचणी करून हाताला दुसऱ्या धमनीतून रक्त मिळते आहे याची खात्री करावी, आणि नंतर किमान ५ मिनिटे दाब द्यावा. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर त्याहून अधिक वेळ द्यावा.

मागणीपत्रावर रुग्णाचे नाव व नोंदणी क्रमांक तर असतोच, पण नमुना घेतल्याची वेळ, शरीराचे तापमान आणि रुग्णाला किती टक्के प्राणवायू चालू होता, हे रकाने बरेचदा कोरे राहतात. प्राणवायूची नोंद नसेल तर अहवालातील त्याच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. (पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने हा आकडा मुंबईपेक्षा किंचित कमी येतो, आम्ल-आम्लारी संतुलनाच्या वाचनावर त्याचा परिणाम नगण्य असतो.) सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर कार्बन डायऑक्साइड खोटा कमी दिसतो आणि पीएच खोटा वाढतो, म्हणून बुडबुडा लगेच काढावा आणि नमुना ३० मिनिटांच्या आत तपासावा.

आता वाचन. समजा, हडपसरहून आलेल्या मधुमेही बाईंनी दोन दिवस इन्सुलिन घेतलेले नाही, लघवीत कीटोन आहेत आणि अहवाल असा आहे: पीएच ७.२०, कार्बन डायऑक्साइड ३२, बायकार्बोनेट १२. पीएच ७.३५ ते ७.४५ या मर्यादेच्या खाली असल्याने हा आम्लाधिक्याचा प्रकार आहे. बायकार्बोनेट २२ ते २६ असायला हवे, ते १२ वर आल्याने बिघाड चयापचयातला आहे. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ च्या खाली आहे, म्हणून "फुप्फुसे भरपाई करत आहेत" असे लिहून बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात.

इथेच चूक होते, कारण फुप्फुसांनी भरपाई केली का, इतकेच नव्हे तर पुरेशी केली का, हेही पाहावे लागते. चयापचयातील आम्लाधिक्यात अपेक्षित कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या दीडपटीत ८ मिळवून काढतात, आणि २ चा फरक चालतो. १२ ची दीडपट १८, त्यात ८ मिळवले की २६; म्हणजे बाईंचा आकडा २४ ते २८ च्या दरम्यान हवा होता, पण तो ३२ आहे. कमी दिसणारा हा आकडा त्यांच्या स्थितीच्या मानाने जास्त आहे, म्हणजे चयापचयाच्या बिघाडात श्वसनाचाही बिघाड मिसळला आहे.

अशा रुग्णाचा श्वास आधी खोल व जलद असतो. तो उथळ होऊ लागला किंवा गुंगी आली, तर ती सुधारणा न समजता थकवा समजावा आणि अपेक्षित व प्रत्यक्ष दोन्ही आकडे, श्वसनाचा वेग आणि शुद्धीची पातळी डॉक्टरांना लगेच कळवून हे सर्व वेळेसह नोंदवहीत लिहावे.