लघवीला जळजळ आणि कल्चरमध्ये 'नो ग्रोथ': एक लाखाचा आकडा आला कुठून

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे जळजळ झाली की घरात उन्हाळी लागली म्हणतात, धन्याचं पाणी, सब्जा सुरू होतो, आणि बऱ्याचदा बरंही वाटतं. प्रश्न येतो तो त्यानंतरही आग थांबत नाही आणि कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये उगवून बघायची टेस्ट, 'नो ग्रोथ' येतं, काहीच उगवत नाही, तेव्हा. बाईला सांगतात, काही नाही, टेन्शन घेऊ नका.

याचं मूळ 1950 च्या दशकात आहे. अमेरिकेत तेव्हा ठरलं की एका मिलीलिटरमध्ये एक लाख जंतू असले तर खरं इन्फेक्शन, कमी असले तर सॅम्पल घेताना बाहेरून आलेले. पण हा आकडा काढला होता किडनीचं इन्फेक्शन असलेल्या आणि काहीच त्रास नसलेल्या बायकांवरून, जळजळीच्या पेशंटवरून नाही, आणि तरी तोच सगळ्या लॅबमध्ये नियम झाला. माझ्या मते घोळ इथेच झाला. एक लाखाच्या खाली आलेल्यांना 1960 च्या दशकात 'युरेथ्रल सिंड्रोम' असं नाव मिळालं आणि नाव मिळालं की शोध थांबतो. 1982 ला थेट मूत्राशयातली लघवी तपासून दिसलं की तिथे ई. कोलायसारखे जंतू असलेल्या जवळपास निम्म्या बायका या नियमात बसतच नाहीत, त्रास असेल तर शंभर जंतूही पुरेसे.

आता लॅबचं बघा. कल्चरला लघवी प्लेटवर लावतात ती साधारण 0.001 मिलीच्या लूपने, म्हणजे प्लेटवर एक ठिपका उगवला तर एका मिलीत एक हजार जंतू धरतात. शंभर असतील तर बहुतेक वेळा काहीच उगवणार नाही आणि रिपोर्ट 'नो ग्रोथ'. 0.01 मिलीचा लूप वापरला तर तेच दिसू शकतात, पण तसं लॅबला आधी सांगावं लागतं.

समजा रावेरकडे केळीच्या कामाला जाणारी तिशीतली बाई आहे, मेडिकलवरून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आदल्या रात्री घेतल्या आणि सकाळी सॅम्पल दिलं. कल्चर कोरं, पण लघवीच्या साध्या रुटीन तपासणीत पस सेल्स 20-25. हे दोन रिपोर्ट एकत्र वाचायला पाहिजेत. पस आहे म्हणजे आत काहीतरी चाललंय, गोळ्यांनी जंतू दबले असतील, किंवा क्लॅमिडिया असेल, शरीरसंबंधातून पसरणारा जंतू, जो साध्या प्लेटवर उगवतच नाही, त्याला पहिल्या धारेच्या लघवीची किंवा योनीच्या स्वॅबची पीसीआरसारखी टेस्ट लागते आणि निघाला तर नवऱ्यालाही औषध. आठवडेच्या आठवडे पस राहिला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, तर लघवीचा टीबी डोक्यात आणायचाच, त्यासाठी सलग तीन ते पाच दिवस पहाटेची लघवी देतात, कल्चरला 6-8 आठवडे लागतात. आता सीबीनॅट ही टीबीच्या जंतूचे जीन्स शोधणारी मशीनची टेस्ट काही तासांत सांगते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असं होत नाही.

पस सेल्स नसतीलच तर वाट वेगळी. पाळी गेलेल्या बाईत योनीची त्वचा कोरडी-पातळ होते आणि त्यानेही जळजळ होते, त्याला अँटिबायोटिक नाही, योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम लागतं.