‘काम-’ वरच्या ओळीत, ‘गार’ खालच्या ओळीत: तुटलेले शब्द जोडायचे कधी?

जुनं पुस्तक स्कॅन करून ओसीआरनं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामनं, त्याचा टेक्स्ट काढला की अक्षरं बऱ्यापैकी बरोबर येतात, पण ओळी छापील पानावर जिथं तुटल्या होत्या तिथंच तुटलेल्या राहतात. मग ‘काम-’ एका ओळीत आणि ‘गार’ दुसऱ्या ओळीत, आणि कोणी फाइलमधे ‘कामगार’ शोधला की तो सापडतच नाही. सोपा उपाय वाटतो की ओळीच्या शेवटी आडवी रेघ दिसली की ती पुसायची आणि पुढचा तुकडा चिकटवायचा. एका ओळीचा प्रोग्राम लिहून होतं हे, आणि बरेच लोक तसंच करतात. पण आमच्याकडच्या एखाद्या जुन्या शेतीच्या पुस्तिकेत वरच्या ओळीत ‘एकरी ५-’ आणि खालच्या ओळीत ‘१० गाड्या शेणखत’ असं असेल तर त्याचं सरळ ‘एकरी ५१० गाड्या शेणखत’ होतं. एवढं खत टाकायचं म्हटलं तर गावातली सगळी जनावरं कमी पडतील.

म्हणजे रेघ एकच दिसते पण तिची कामं तीन. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला ओळीत जागा पुरली नाही म्हणून त्यानं टाकलेली रेघ, जी टेक्स्टमधे नकोच. लेखकानंच लिहिलेली रेघ, जसं ‘दहा-बारा’, ‘१९५१-५२’, ती योगायोगानं ओळीच्या टोकाला आली, तिथं तुकडे जोडायचे पण रेघ ठेवायची. आणि तिसरी म्हणजे विरामचिन्हाची रेघ, जुन्या मराठी छपाईत ‘ते म्हणाले :-’ असं सर्रास असायचं, तिथं काहीच जोडायचं नाही. आकड्यांचा नियम सरळ करून टाकायचा: रेघेच्या दोन्ही बाजूला आकडा असेल तर रेघेला हात लावायचा नाही. रेघेच्या आधी विसर्गासारखी दोन टिंबं असतील तरी तेच.

खरी गंमत शब्दांमधे आहे, आणि तिथं मराठी लिपी आपल्याला फुकटची मदत करते. खालच्या ओळीचा तुकडा ‘ळ’ किंवा ‘ण’ नं सुरू होत असेल, म्हणजे ‘दिवा-’ आणि ‘ळी’, ‘पा-’ आणि ‘णी’, तर डोळे मिटून जोडा, कारण या अक्षरांनी मराठीत शब्द सुरू होत नाही. (णमोकार मंत्र हा अपवाद, जैन धर्मावरचं पुस्तक असेल तर तेवढं बघून घ्या.) तुकडा नुसत्या काना-वेलांटीनं सुरू होत असेल किंवा वरची ओळ पाय मोडलेल्या अक्षरावर संपत असेल तर मात्र जोडण्याआधी स्कॅन उघडून बघायचं, कारण कंपोझिटर शब्द तोडतो ते पूर्ण अक्षरानंतर, जोडाक्षर मधून कापत नाही. तसं दिसतंय म्हणजे बहुतेक ओसीआरनंच एखादं अक्षर खाल्लंय. प्रत्ययांचंही तसंच: ‘च्या’, ‘ला’, ‘पासून’ असे तुकडे खाली आले की ते वरच्या शब्दाला लागायचेच. ‘साठी’ला तेवढा स्वतंत्र अर्थ आहे, साठी बुद्धी नाठी वाला, पण वर ‘शेती-’ आणि खाली ‘साठी’ असल्यावर कोणाला शंका येणार.

आता अडचणीचे शब्द. ‘मान-’ वर, ‘धन’ खाली. हे ‘मानधन’ की ‘मान-धन’? ‘मानधन’ म्हणजे मिळणारे पैसे, आणि ‘मान-धन’ म्हणजे मान आणि धन दोन्ही. ‘कापूस-’ वर आणि ‘खरेदी’ खाली, तर हा लेखक ‘कापूसखरेदी’ लिहितो की ‘कापूस-खरेदी’? पहिला विचार येतो की डिक्शनरी बघू. पण मराठीत डिक्शनरी इथं लवकर दमते. एकतर शब्दाला इतके प्रत्यय लागतात, मानधनाचा, मानधनावर, मानधनातून, की सगळी रूपं कोणत्याच यादीत नसतात. दुसरं म्हणजे समास जोडून लिहायचा की रेघ देऊन, हे लेखकागणिक आणि छापखान्यागणिक बदलतं. आणि तिसरं, आपल्या वऱ्हाडातलं पुस्तक असेल तर त्यात पऱ्हाटी येणार, सालदार येणार, धुरा येणार, बंडी येणार, त्यातले किती शब्द तुमच्या संगणकातल्या स्पेलचेकरला ओळखीचे असतील सांगा.

मग साक्ष घ्यायची ती त्याच पुस्तकाची. ओळीच्या टोकाला तुटलेला शब्द पुस्तकात दुसरीकडे कुठंतरी ओळीच्या मधोमध आलेला असतो, आणि मधोमध असताना कंपोझिटरला जागेची अडचण नसते, तिथं जी रेघ दिसते ती लेखकाचीच. (फार तर छापखान्याच्या सवयीची, पण तीही पुस्तकभर सारखीच असते.) म्हणून काही जोडायच्या आधी कच्च्या फाइलमधे `grep` या शोधणाऱ्या कमांडनं दोन्ही रूपं मोजायची:

```
grep -o 'मानधन' pustak.txt | wc -l
grep -o 'मान-धन' pustak.txt | wc -l
```

हा `grep` एका वेळी एकच ओळ बघतो म्हणून दोन ओळींत तुटलेला शब्द मोजणीत येतच नाही, आपल्याला नेमकं तेच पाहिजे. शिवाय दिलेला तुकडा मोठ्या शब्दाच्या आत असला तरी तो जुळवतो, म्हणून मानधनाचा, मानधनावर हे सगळे एकाच खात्यात जमा होतात. समजा पहिला आकडा १६ आला आणि दुसरा ०, तर रेघ छापखान्याची, पुसून टाका. उलटं आलं तर रेघ ठेवून जोडा. ९ आणि ७ असं आलं तर त्या पुस्तकानंच ठरवलेलं नाहीये, मग वाक्य वाचून माणसानं ठरवायचं. ‘हळू-हळू’, ‘दहा-बारा’ असल्या जोड्यांना पण हीच मोजणी लावायची, एखादा लेखक ‘हळूहळू’ लिहितो, एखादा रेघ देतो, आपण शुद्धलेखनाचे मास्तर व्हायचं नाही.

मोजायच्या आधी एक गोष्ट मात्र करून घ्यावी लागते, नाहीतर आकडेच खोटे येतात. ‘पऱ्हाटी’ आणि ‘शेतकऱ्यांना’ यातला जो अर्धा र आहे, तो संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो, एक म्हणजे ‘ऱ’ला हलंत देऊन आणि दुसरा म्हणजे साध्या ‘र्’ नंतर न दिसणारा एक जोडक टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि मग पऱ्हाटीची निम्मी साक्ष एका खात्यात तर निम्मी दुसऱ्याच खात्यात जाते. म्हणून आधी पूर्ण फाइलमधे एकच पद्धत करून घ्यायची. ओळीच्या टोकाच्या रेघेचंही तेच, ओसीआर कधी तिला हायफन म्हणतो, कधी लांब डॅश, आणि शाई पुसट असेल तर कधी काहीच नाही.

हे शेवटचं सगळ्यात त्रासाचं. रेघच गेली तर वर ‘काम’ आणि खाली ‘गार’ उरतं, दोन्ही शब्द खरे, स्पेलचेकर खूश, लाल रेघ कुठंच नाही. इथं पुरावा दुप्पट लागतो. जोडलेलं रूप पुस्तकात मधोमध भरपूर यायला पाहिजे आणि तेच दोन शब्द सुटे, एकामागे एक असे, कुठंच यायला नकोत. ‘कामगार’ वीस वेळा आणि ‘काम गार’ एकदाही नाही, तर जोडा. पण वरची ओळ ‘पण’ वर संपली आणि खालची ‘ती’ नं सुरू झाली, तर? ‘पणती’ हा शब्द डिक्शनरीतही आहे आणि दिवाळीच्या प्रकरणात दोन-चार वेळा आलाही असेल. पण ‘पण ती’ असं सुटं तर पानोपानी सापडतं, म्हणून इथं जोडायचं नाही. नुसती डिक्शनरी बघणारा प्रोग्राम नेमका इथंच ‘पणती घरी गेली नाही’ असं वाक्य करून ठेवतो.

शब्द झाले की प्रश्न ओळींचा. रेघ नसलेल्या दोन ओळी साध्या स्पेसनं जोडायच्या की तिथं नवा पॅरा आहे? खिळ्यांच्या छपाईत मजकुराच्या ओळी उजवीकडे एका रेषेत संपतात, म्हणून जी ओळ आखूड ती पॅराची शेवटची, आणि शेवटची ओळ योगायोगानं पूर्ण भरलीच तर पुढच्या ओळीची सुरुवात आत सरकलेली दिसते. पण टाइप करून सायक्लोस्टाइल काढलेली जुनी अहवाल-पत्रकं असतात ना, त्यांची उजवी बाजू वेडीवाकडी असते. तिथं एक छान कसोटी चालते: खालच्या ओळीचा पहिला शब्द वरच्या ओळीत मावला असता का? टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला मराठीत असं चालवलं

```
tesseract pan47.tif pan47 -l mar hocr
```

की प्रत्येक शब्दाच्या चौकटीची मापं मिळतात. समजा मजकूर जास्तीत जास्त १४८० पिक्सेलपर्यंत जातो, ही ओळ ११०० ला संपली, आणि खालचा पहिला शब्द २१० पिक्सेल रुंद आहे. मधली मोकळी जागा २० धरली तरी तो १३३० पर्यंतच गेला असता, म्हणजे जागा होती तरी टाइप करणाऱ्यानं ओळ मोडली, तर ती मुद्दाम मोडलेली. तिथं जोडायचं नाही. अभंग आणि लोकगीतं पण याच कसोटीत सापडतात, लागोपाठ सगळ्याच ओळी मुद्दाम मोडलेल्या निघाल्या की समजायचं हे पद्य आहे.

पान बदलताना शब्द तुटला असेल तर मधे पान क्रमांक, पुढच्या पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि कधी तळटीपही येऊन बसते. ती आधी बाजूला काढायची, मगच जोडायचं, नाहीतर ‘शेत-’ च्या पुढे ‘मजूर’ ऐवजी ‘४८’ चिकटतो.

एवढं सगळं करूनही काही शब्द हाती लागत नाहीत. पूर्ण पुस्तकात एकदाच आलेला शब्द आणि तो पण ओळीच्या टोकाला, तर मोजायला दुसरी साक्षच नाही. ‘वखर-’ आणि ‘पाळी’ हा तसलाच. आमच्या वाचनालयात प्रूफ वाचायला बसणारे काकाजी त्यावर म्हणाले, “हे तं एकच हाय भाऊ, वखरपाळी, काऊन तोडून ठेवलं?” त्यांच्या बोलण्यात तो शब्द एकच आहे हे खरंच, पण तो लेखक कसा लिहायचा हे त्यावरून कळत नाही, कारण बोलताना रेघ ऐकू येत नाही. अशा शब्दांसाठी जुनी पुस्तकं इंटरनेटवर फुकट देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गची प्रूफं वाचणाऱ्या, २००० साली सुरू झालेल्या डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स या गटाची रीत मला पटते: रेघ ठेवायची आणि तिच्यामागे एक फुली टाकायची, `वखर-*पाळी` अशी. सगळी पानं एकत्र झाल्यावर `-*` शोधलं की शंकेचे शब्द एका जागी मिळतात, आणि तोवर त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक स्कॅन झालं असेल तर त्यातही मोजून बघता येतं.