अंगठ्याचा सांधा आखडलाय? आधी बुटाचा तळ वाकवून बघा

पाऊल उचलताना टाच वर येते आणि सगळा भार चवड्यावर जातो. त्या क्षणी पायाचा अंगठा बुडाशी मागे वाकावा लागतो. तिथली कूर्चा झिजू लागली की सांध्याच्या वरच्या बाजूला हाडाचा उंचवटा येतो, अंगठा पुरेसा वाकत नाही आणि चढावर किंवा उकिडवं बसताना कळ येते. डॉक्टर याला हॅलक्स लिमिटस म्हणतात. सांधा पार आखडला की हॅलक्स रिजिडस.

अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकला असेल तर तो आजार वेगळा. सांधा एका रात्रीत लाल, गरम होऊन सुजला असेल, तर गाऊटची शक्यता असते. तेव्हा आमच्याकडे बुटासाठी नको, आधी डॉक्टरांकडे जा. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तरीही तसंच.

झिजलेली कूर्चा बुटाने भरून येत नाही. पण बुटाचा तळ वाकलाच नाही, तर अंगठ्यालाही फारसं वाकावं लागत नाही. म्हणून आम्ही तळात ताठ पट्टी घालतो आणि खाली रॉकर लावतो. रॉकर म्हणजे पुढे गोलाई दिलेला तळ. अंगठा वाकण्याऐवजी बूटच पुढे कलंडतो.

सगळं अवलंबून असतं ते गोलाई कुठे सुरू होते यावर. रंकाळ्यावर रोज फिरणाऱ्या एका शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या. एका फेरीतच अंगठा दुखायचा, म्हणून त्या पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन चालत, आणि त्यामुळे गुडघाही धरला होता. आम्ही रॉकर लावला, तरी दुखणं तेवढंच राहिलं. चूक आमचीच होती: गोलाई सांध्याच्या पुढे सुरू झाली होती. त्यांना बुटात उभं करून सांध्याची जागा पुन्हा आखली आणि गोलाई सेंटिमीटरभर मागे, सांध्याच्या किंचित मागून सुरू केली. मग फेरी पूर्ण होऊ लागली. रॉकरने एका बुटाची उंची वाढते, म्हणून दुसऱ्याचाही तळ तेवढाच उंचावला. नाहीतर कंबर बोलू लागते.

पुढचा भाग खोल हवा, म्हणजे उंचवटा घासत नाही. टाच मात्र कमी उंच. आपली कोल्हापुरी? वापरून मऊ झालेला तिचा तळ सहज वाकतो, तिच्या अंगठ्याची वादी उंचवट्यावर घासू शकते आणि टाच धरून ठेवायला पट्टा नसतो. दुखऱ्या पायाला ती लांब चालण्यासाठी आम्ही सुचवत नाही. लग्नकार्यात घडीभर घालायला हरकत नाही.

रॉकरवर पहिले काही दिवस तोल वेगळा वाटतो. घरात थोडा वेळ घालून सवय करा, जिन्यावर कठडा धरा. तोल आधीच जात असेल तर ताठ पट्टीपासूनच सुरुवात करू.

येताना जुने, रोजचे बूट न पुसता आणा. वरच्या चामड्यावरच्या घड्या आडव्या न पडता तिरप्या पडल्या असतील आणि तळ बाहेरच्या कडेला जास्त झिजला असेल, तर तुम्ही अंगठा चुकवून चालता हे आम्हाला लगेच दिसतं.