पैसे कापले, पेमेंट फेल: रिव्हर्सलची वाट बघायची की रिफंड मागायचा?

किराणा दुकानात क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं. बँकेचा मेसेज आला की १,८४० रुपये गेले, पण दुकानदाराचा स्पीकर गप्प. अशा वेळी दुकानदार, मागचा गिऱ्हाईक आणि घरी गेल्यावर मुलगासुद्धा एकच सांगतो: ‘येईल रिफंड दोन-तीन दिवसांत.’ येणारी रक्कम दोन वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकते आणि दोन्हींचा मालक वेगळा असतो. एक बँकांनी आपसात परत फिरवायची असते, ती रिव्हर्सल. दुसरी विक्रेत्याने स्वतः परत पाठवायची असते, ती रिफंड. ही गल्लत झाली की माणूस दुकानदाराशी भांडत बसतो आणि बँकेकडे हक्काने मागायचं राहून जातं, किंवा याच्या नेमकं उलटं होतं.

आधी पैसे अडकतात कुठे ते बघू. यूपीआयमध्ये तुमची बँक रक्कम वजा करते, मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा समोरच्या बँकेला सांगते की आता जमा करा. समोरच्या बँकेने ‘जमा होत नाही’ असं स्पष्ट कळवलं तर प्रश्नच नाही, तुमच्या बँकेला लगेच उलटी नोंद करायचा निरोप जातो आणि बऱ्याचदा काही मिनिटांत पैसे परत दिसतात. खरी अडचण होते ती समोरची बँक काहीच बोलत नाही तेव्हा. तिने पैसे जमा केलेही असतील आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. त्या क्षणी तुमच्या बँकेने घाईने पैसे परत दिले तर एकाच व्यवहाराचे पैसे दोन्हीकडे राहतील. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशोब जुळेपर्यंत व्यवहार ‘पेंडिंग’ राहतो. ॲपने ‘फेल’ दाखवलं म्हणून समोर पैसे पोचलेच नाहीत असं छातीठोक सांगता येत नाही, ते याचमुळे.

तपास सुरू करायचा तो आकड्यापासून. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा अंकी संदर्भ क्रमांक मिळतो. बँकेच्या मेसेजमध्ये तो UPI Ref No म्हणून येतो, गुगल पेवर UPI transaction ID म्हणून, फोनपेवर UTR म्हणून. याशिवाय ॲपचा स्वतःचा एक लांब क्रमांक असतो. फोनपेचा T ने सुरू होतो, गुगलच्या नोंदीवर Google transaction ID लिहिलेलं असतं. हा लांब क्रमांक फक्त त्या ॲपच्या मदत विभागाच्या कामाचा. बँकेच्या काउंटरवर तो दिला तर समोरच्या माणसाला काहीही सापडत नाही, आणि मग ‘बँकेत व्यवहारच दिसत नाही’ अशी भलतीच तक्रार तयार होते. बँकेला बारा अंकच हवेत.

या बारा अंकांत एक सोय दडलेली आहे. सहसा पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १४ फेब्रुवारी २०२५ हा वर्षाचा पंचेचाळिसावा दिवस, म्हणून त्या दिवशीचा क्रमांक 5045 ने सुरू होणार. एकाच रकमेचे दोन-तीन व्यवहार असतील आणि कुठला कधीचा ते कळत नसेल, तर हे चार अंक बघून पटकन छाननी होते.

आता किराणाचं ते उदाहरण पुढे नेऊ. समजा, व्यवहार १४ फेब्रुवारी २०२५ चा आणि रक्कम १,८४० रुपये. मिनी स्टेटमेंटवर भिस्त ठेवू नका. त्यात शेवटच्या थोड्याच नोंदी असतात आणि तपशील अर्ध्यात तोडलेला असतो. नेट बँकिंगमधून किंवा बँकेच्या ॲपमधून १४ फेब्रुवारीपासून आजपर्यंतचं पूर्ण स्टेटमेंट पीडीएफमध्ये काढा आणि त्यात बारा अंक शोधा, रक्कम नव्हे. रिव्हर्सल झालं असेल तर साधारण असं दिसेल:

```
14/02/2025  UPI/DR/504512345678/...   1840.00 Dr
17/02/2025  UPI/REV/504512345678/...  1840.00 Cr
```

मांडणी बँकेगणिक बदलते, कुठे UPI/REV असतं तर कुठे REV-UPI. ओळखायची खूण मात्र तीच: जो क्रमांक जाताना, तोच क्रमांक येताना. नवा व्यवहार झालेला नसतो, जुनाच उलटा फिरवलेला असतो.

रिफंड तसा नसतो. विक्रेत्याला पैसे मिळाले होते आणि आता तो ते परत पाठवतो आहे, म्हणजे हा स्वतंत्र व्यवहार. स्टेटमेंटमध्ये त्याला बहुधा वेगळा क्रमांक असतो आणि त्या दिवसाची तारीख. समजा, बसचं तिकीट काढताना पेमेंट ‘सक्सेसफुल’ झालं पण सीट मिळाली नाही. यात बँकांच्या दृष्टीने काहीही बिघडलेलं नाही, पैसे जिथे जायचे तिथे गेले. इथे जुना क्रमांक स्टेटमेंटमध्ये महिनाभर शोधलात तरी बहुधा दुसऱ्यांदा दिसणार नाही. विक्रेत्याने ‘रिफंड केला’ असं सांगितलं की त्याच्याकडून रिफंडचा संदर्भ क्रमांक मागायचा आणि तो शोधायचा. तो क्रमांक देता येत नसेल, तर रिफंड अजून त्यांच्या दारातून बाहेर पडलेलाच नाही असं मी तरी धरून चालतो.

मुदतीचा फरक यातूनच येतो. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात फेल व्यवहारांना मुदत घालून दिली आणि १५ ऑक्टोबर २०१९ पासून ती लागू झाली. यूपीआयने कुणा व्यक्तीला पैसे पाठवले आणि तिच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रिव्हर्सल. विक्रेत्याला पेमेंट केलं आणि त्याच्याकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, ‘मध्ये रविवार आला’ ही सबब चालत नाही. मुदत टळली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या अर्जाची वाट न बघता खात्यात जमा करायची आहे. आपल्या उदाहरणात शेवटचा दिवस १९ फेब्रुवारी. पैसे २२ तारखेला आले तर तीन दिवसांचे ३०० रुपये वेगळे यायला हवेत. मूळ रक्कम आल्याच्या आनंदात ही दुसरी नोंद बघायची बहुतेक जण विसरतात.

बसच्या तिकिटाला यातलं काहीच लागू नाही. तिथे विक्रेत्याचे नियम चालतात, ‘पाच ते सात कामाचे दिवस’ वगैरे. बँकेकडे जाऊन १०० रुपये रोजचे मागितले तर बँक योग्य कारणानेच नाही म्हणेल.

किराणाच्या उदाहरणात एक गुंता आहे. बरेच छोटे दुकानदार आपल्या वैयक्तिक खात्याचाच क्यूआर भिंतीवर चिकटवतात. बँकांच्या हिशोबी तो व्यवहार दोन व्यक्तींमधला धरला जातो आणि मुदत पाच दिवसांऐवजी एकाच दिवसाची होते. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव न येता माणसाचं नाव आलं तर शंका घ्यायला जागा आहे, पण त्यावरून पक्कं ठरत नाही. बँकेला सरळ विचारा, नोंदीवरून त्यांना कळतं.

याहून मोठा गुंता म्हणजे एक घटना दुसरीत रूपांतरित होऊ शकते. स्पीकर वाजला नाही म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा १,८४० रुपये दिले. संध्याकाळी समोरच्या बँकेचा हिशोब जुळला आणि पहिले पैसेही दुकानदाराला मिळाले. आता रिव्हर्सल कधीच येणार नाही, कारण व्यवहार फेल झालेलाच नाही. पाच दिवस निमूट वाट बघणाऱ्याचे पाच दिवस फुकट जातात. म्हणून दुसऱ्याच दिवशी ॲपमध्ये पहिल्या व्यवहाराची स्थिती पुन्हा उघडून बघा. ‘सक्सेसफुल’ झाली असेल तर दुकानदाराकडे जा आणि बारा अंक दाखवा, कारण दोन्ही टोकांना क्रमांक एकच असतो. फक्त त्याला बँकेच्या पासबुकात शोधायला लावू नका. पेमेंट कंपनीमार्फत पैसे घेणाऱ्या दुकानांना दिवसभराची रक्कम बहुधा एकगठ्ठा जमा होते, सुटा व्यवहार त्यांच्या व्यापारी ॲपमध्येच दिसतो. तिथे क्रमांक सापडला की वाद मिटला. तुमचे पैसे त्याच्याकडे आहेत, आणि ते परत करणं आता त्याच्या हातात आहे.

खरं तर यावर उपाय दुकानातच करता येतो. पहिलं पेमेंट ‘पेंडिंग’ असेल तर दुसऱ्यांदा यूपीआयने देण्याआधी दुकानदाराच्या ॲपमध्ये नजर टाकायला सांगा, नाहीतर रोख द्या आणि ‘आधीचे आले तर परत कराल’ असं बोलून ठेवा. ओळखीच्या दुकानात याची अडचण येत नाही. महामार्गावरच्या पंपावर येते.

मुदत उलटूनही REV नोंद दिसली नाही तर तक्रार करायची ती आधी ॲपमधल्या त्याच व्यवहारावर जाऊन. तिथून ती थेट संबंधित बँकांपर्यंत जाते आणि क्रमांक हाताने लिहिण्यातली चूक टळते. सोबत आपल्या बँकेला लेखी तक्रार द्या: तारीख, रक्कम, बारा अंक आणि स्टेटमेंटचं ते पान. तक्रार क्रमांक जपून ठेवा, कारण बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाताना तो लागतो. कस्टमर केअरचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधून फिरवू नका, बँकेच्या ॲपमधला किंवा डेबिट कार्डामागचा घ्या. अडकलेल्या पैशांवरच टपून बसलेले लोक ‘रिफंड देतो, पिन टाका’ म्हणतात. पैसे यायला पिन लागत नाही, मग ते रिव्हर्सलने येवोत की रिफंडने.