सीजी मेळ: ग्रेन, लेन्सचा ब्लर आणि सूक्ष्म दोष

कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात संगणकावर घडवलेली वस्तू बसवताना तिच्यावर त्याच लेन्सचे आणि त्याच सेन्सरचे दोष चढवण्याची प्रक्रिया. रेंडर होऊन आलेली सीजी वस्तू बहुधा पुढून मागपर्यंत सारखीच रेखीव असते. तिच्या सपाट रंगात काही सळसळत नाही आणि तिचा काळा रंग थेट शून्यावर बसतो. खऱ्या प्लेटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ चित्रात, काळ्यावरही लेन्समध्ये विखुरलेल्या प्रकाशाचा हलका थर असतो. प्रकाशयोजना बिनचूक असूनही वस्तू वरून चिकटवल्यासारखी वाटते, ती बहुतेक वेळा अशा फरकांमुळे.

दोष चढवण्याचा क्रम प्रकाशाच्या प्रवासाप्रमाणे ठेवावा लागतो. फोकसचा ब्लर, हालचालीचा ब्लर, लेन्सची वक्रता आणि कडांवरची रंगांची फाकणी आधी येते. ग्रेन, म्हणजे चित्रातली दाणेदार सळसळ, सेन्सरवर किंवा फिल्मवर तयार होतो, म्हणून तो शेवटी. पार धूसर झालेल्या भिंतीवरही ग्रेन तितकाच टोकदार असतो. आधी ग्रेन घालून मग ब्लर केला, तर तेवढ्याच भागात दाणे विरघळून गुळगुळीत डाग उठतो.

ब्लर किती द्यायचा, हे शूटिंगच्या नोंदींवरून काढता येते. समजा, रात्रीच्या रस्त्यावर अभिनेत्री कॅमेऱ्यापासून 3 मीटरवर फोकसमध्ये आहे आणि तिच्यामागे, कॅमेऱ्यापासून 6 मीटरवर, सीजी दुकानपाटी लावायची आहे. लेन्स 50 मिमी, अ‍ॅपर्चर एफ 2.8. प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर पसरून सुमारे 0.15 मिमी व्यासाचे वर्तुळ होते. सेन्सर 24.9 मिमी रुंद आणि चित्र 1920 पिक्सेलचे असेल, तर हा व्यास जवळपास 12 पिक्सेल भरतो. पाटी कितीही मागे सरकवली तरी तो 23 पिक्सेलच्या पुढे जात नाही, कारण फोकसच्या पलीकडचा ब्लर अंतराबरोबर अमर्याद वाढत नाही. अंदाजाने काम करताना दूरच्या वस्तू गरजेपेक्षा जास्त धूसर होतात, त्या इथेच. हा ब्लर लिनियर, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात असलेल्या, रंगमूल्यांवरच करावा. दिव्याचे मूल्य पांढऱ्याच्या कितीतरी पट वर असते, म्हणून तो पसरून लखलखीत चकती होतो. पडद्यासाठी आधीच दाबलेल्या मूल्यांवर ब्लर केला, तर त्याच दिव्याचा करडा धब्बा उरतो.

कॅमेरा पॅन होत असेल, तर शटरचा कोनही जुळवावा लागतो. 24 फ्रेमला 180 अंशांचे शटर सेकंदाचा 1/48 भाग उघडे असते, म्हणजे फ्रेमचा अर्धा वेळ. पाटी एका फ्रेममध्ये 20 पिक्सेल सरकत असेल, तर तिचा माग 10 पिक्सेल लांब असायला हवा.

सर्वांत नाजूक काम ग्रेनचे. सगळीकडे एकच तयार ग्रेन फासणे सोपे, पण त्यामुळे प्लेटवर ग्रेन दुप्पट होतो. म्हणून प्लेट आधी डीनॉइज करतात, काढलेला ग्रेन वेगळा ठेवतात, स्वच्छ प्लेटवर सीजी बसवतात आणि तोच ग्रेन परत चढवतात:

```
grain = plate - denoised
final = comp + grain
```

जिथे हात लावलेला नाही, तिथे मूळ चित्र जसेच्या तसे परत येते. अडचण पाटीखाली होते. तिच्यामागे उजळ भिंत असेल, तर भिंतीचा जोरकस ग्रेन गडद पाटीवर येऊन बसतो. लिनियर मूल्यांत उजळ भागाचा नॉइज मोठा असतो. साधारणपणे तो प्रकाशाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून मूळ उजेडाच्या मानाने ग्रेन आधी समपातळीत आणतात आणि मग नव्या उजेडानुसार त्याचा जोर ठरवतात. न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरमधले दासग्रेन हे साधन हेच करते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. डीनॉइज जरा जास्त झाला, की ग्रेनसोबत बारीक तपशीलही निघून येतो, आणि झाकलेल्या खिडकीची चौकट पाटीवर भुतासारखी उमटते. वेगळा काढलेला ग्रेन मध्यम करड्यावर ठेवून पाहिला, की त्यात आकृत्या ओळखू येतात. अशा वेळी डीनॉइज सौम्य करावा किंवा पाटीपुरता ग्रेन त्याच फ्रेममधल्या सपाट भागातून उचलावा. तो फ्रेमगणिक बदलला पाहिजे; थिजलेला ग्रेन काचेवरच्या धुळीसारखा दिसतो.

तपासणी तीनही चॅनेल वेगवेगळे पाहूनच करावी. निळ्या चॅनेलमध्ये दाणा बहुधा सर्वांत मोठा आणि खरखरीत असतो. पिवळसर दिव्यांत निळा प्रकाश मुळातच थोडा मिळतो, त्यामुळे तो आणखी वर खेचला जातो. तिन्ही चॅनेलना सारखाच ग्रेन दिलेला असेल, तर तो रंगीत न दिसता करडा दिसतो. व्ह्यूअरचा गॅमा 2 ते 3 पर्यंत चढवला, की काळ्यातला फरक लगेच उघडा पडतो: प्लेटची सावली धुरकट होऊन वर येते आणि पाटीच्या जागी काळे भोक राहते. ग्रेनचा निर्णय मात्र थांबलेल्या फ्रेमवर घेऊ नये. शॉट 100 टक्के आकारात, पूर्ण वेगाने चालवूनच तो घ्यावा, कारण दाण्याची सळसळ जुळली आहे की नाही, हे चालत्या चित्रातच कळते.