रजोनिवृत्तीतील वनस्पतिजन्य उपाय व ‘बायोआयडेंटिकल’ हॉर्मोने

रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून एकाएकी वाफा येणे, रात्री घामाने भिजून जाग येणे यांवर नेहमीच्या हॉर्मोन-उपचारांऐवजी घेतले जाणारे उपाय. अशा उपायांची पारख करणे अवघड असते, कारण या तक्रारी काळाबरोबर आपोआप ओसरतात आणि औषधरहित गोळीनेही कमी होतात. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या हॉर्मोनचाचण्यांवरील २००४ मधील आढाव्यात अशी गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफा निम्म्याहून अधिक घटल्याचे आढळले. त्यामुळे तुलनागट नसलेल्या अभ्यासात जवळजवळ प्रत्येक औषध गुणकारी दिसते.

ब्लॅक कोहॉश (ॲक्टिया रेसिमोसा; जुने नाव सिमिसिफ्युगा) ही उत्तर अमेरिकेतील वनस्पती असून तिचा मूलक्षोड औषधात वापरतात. तो इस्ट्रोजेनसारखा काम करतो, असे पूर्वी मानत. त्याला आधार म्हणून त्यात फॉर्मोनोनेटीन हे इस्ट्रोजेनसारखी क्रिया करणारे संयुग असल्याचे सांगितले जाई. परंतु नंतरच्या विश्लेषणांत ते सापडले नाही. तो सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक द्रव्याच्या ग्राहींवर क्रिया करतो हे मत आज अधिक ग्राह्य वाटते, तरी तेही मुख्यतः प्रयोगशाळेतील निरीक्षणांवर उभे आहे.

परिणामाबाबत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील चाचणी बोलकी आहे. तीत ४५ ते ५५ वयाच्या ३५१ स्त्रियांना वर्षभर ब्लॅक कोहॉश (रोज १६० मिग्रॅ.), अनेक वनस्पतींचे मिश्रण, तेच मिश्रण व आहारात सोया वाढवण्याचा सल्ला, हॉर्मोने किंवा औषधरहित गोळी दिली गेली. औषधरहित गोळीच्या तुलनेत वनस्पतिजन्य उपायांनी वाफा येण्याच्या वेळांत सरासरी दिवसाला एकाचाही फरक पडला नाही. हॉर्मोनांनी सुमारे चारांचा पडला. ब्लॅक कोहॉश घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणे नोंदली गेली आहेत, पण दोष या वनस्पतीचा की भेसळीचा, हे ठरवणे कठीण आहे. बाजारातील काही नमुन्यांत तिच्याऐवजी आशियाई ॲक्टिया जाती आढळल्या आहेत. तरीही घेणारीचे डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद होऊ लागली, तर गोळी थांबवून यकृताची तपासणी करावी लागते.

सोयातील आयसोफ्लेव्होने या इस्ट्रोजेनसदृश संयुगांविषयी निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. त्यांपैकी डेडझीनपासून इक्वॉल हे अधिक प्रभावी इस्ट्रोजेनसदृश द्रव्य तयार करणारे जिवाणू सर्वांच्या आतड्यांत नसतात, हे त्याचे एक संभाव्य कारण. रोज २०० मिग्रॅ. मात्रेच्या दोन वर्षांच्या एका चाचणीत (२०११) हाडे वा वाफा यांपैकी कशातही लाभ दिसला नाही.

‘बायोआयडेंटिकल’ म्हणजे शरीरातील हॉर्मोनाशी रेणुरचनेने तंतोतंत जुळणारे. मान्यताप्राप्त इस्ट्रॅडिऑल व सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉन याच वर्गात मोडतात. तेव्हा हा शब्द फार्मसीत मागणीनुसार घोटून दिलेल्या मिश्रणांची मक्तेदारी नव्हे. ही मिश्रणे अधिक सुरक्षित असल्याचा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०२० च्या अहवालातही म्हटले आहे. लाळेच्या तपासणीवरून मात्रा ठरवण्याची पद्धतही भरवशाची नाही, कारण लाळेतील पातळी दिवसभरात बदलते. खरा धोका मात्रेच्या अनिश्चिततेत आहे : गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर केवळ प्रोजेस्टेरॉनचे मलम दिल्यास ते त्वचेतून पुरेसे शोषले जाईलच असे नाही. मग इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव हे त्याचे बहुधा पहिले लक्षण असते.